४ जीबी रॅमच्या फोनवर बीजीएमआय खरंच चालत नाही का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी स्वतः पत्त्यांपलीकडे काही खेळत नाही, तेव्हा प्रश्न अडाणी वाटला तर सांभाळून घ्या.

भाचा कराडला आयटीआयला आहे, वय १९. त्याच्याकडे अडीच वर्षांपूर्वी घेतलेला अँड्रॉइड फोन आहे. रॅम ४ जीबी, साठवण ६४ जीबी. साहेब बीजीएमआय, म्हणजे तो आपल्याकडचा पब्जी, खेळतात. गेले दोन महिने त्याची एकच भुणभुण आहे: "मामा, ४ जीबीत आता काहीच चालत नाही. तिसऱ्या मॅचला गेम गपकन बंद होतो, खाली उतरताना अडकतो. ८ जीबीचा घेऊन दे." दुकानदारानेही री ओढली की ४ जीबीचा जमाना गेला. बहीण म्हणते, हप्ते कोण फेडणार?

आता मला पडलेलं कोडं असं. जुलै २०२१ मध्ये हा गेम आपल्याकडे आला तेव्हा निदान २ जीबी रॅम हवी असं कंपनीनेच लिहिलं होतं. मग त्याच्या दुप्पट रॅमच्या फोनवर तो बंद का पडावा? भाचा थापा मारतोय, दुकानदार मारतोय की कंपनी?

टिंबटिंब
तिघंही. पण हप्ते मामाच भरणार, एवढं नक्की.

शंकासुर
२०२१ ची अट आणि आजचा गेम यांची तुलना कशाला? दर अपडेटला नवा मोड, नवे कपडे, नव्या गाड्या. त्यातून "निदान २ जीबी" म्हणजे गेम उघडेल एवढंच. नीट खेळता येईल असं त्यात कुठे लिहिलंय? एसटीच्या पाटीवर "५२ आसने" असतं, म्हणून बावन्नच माणसं बसतात का?

विमलताई
माझ्या फोनमध्ये ३२ जीबीचं कार्ड आहे, तरी लुडो किंग अडकतं. जावयाने कार्ड ६४ चं घालून दिलं, तरी तेच. तुमच्या भाच्याला म्हणावं मोठं कार्ड घालून काही होत नाही, मी अनुभव घेतलाय.

टिंबटिंब
विमलताई, तुमचं लुडो समोरची जाऊबाई सहा टाकते तेव्हाच अडकतं का हो? ह.घ्या.

गावठी_गेमर
मी फ्री फायर मॅक्स खेळतो ४ जीबीवर. दोन वर्षं झाली, गेम बंद पडला असेल चार-पाच वेळा. ग्राफिक्स स्मूदवर, सावल्या बंद. बीजीएमआय त्या मानाने जड आहे हे खरं. मोठा नकाशा, त्यात शंभर माणसं. तरी मित्राच्या ४ जीबीच्या फोनवर मस्त चालतो, आणि दुसऱ्या एका मित्राच्या ४ जीबीवर बघवत नाही. दोघांची रॅम सारखीच आहे. म्हणजे घोळ दुसरीकडे आहे.

सोल्डरवाला
अमरावतीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, रोज अशी दहा पोरं येतात. उपाय सांगतो. एक, रॅम साफ करणारं ॲप टाका आणि खेळायच्या आधी दाबा. दोन, डेव्हलपर ऑप्शनमध्ये बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट शून्यावर आणा. तीन, तिथंच फोर्स 4x MSAA चालू करा, चित्र गुळगुळीत होते. आणि चार्जिंगला लावून खेळू नका बाप्पा, मागचं कव्हर काढा. इकडे मे महिन्यात फोन तव्यासारखा तापते, अर्धा त्रास तर त्याचाच असते.

निशाचर
गेमच्या चाचण्या घेणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे आणि स्वस्तातले फोन माझ्याच टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"बंद पडणं" आणि "अडकणं" ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच फोनला दोन्ही असू शकतात, पण औषध एक नाही.

आधी बंद पडण्याचं बघू. खोक्यावर ४ जीबी असलं तरी अँड्रॉइडच्या हाती ३.६ ते ३.८ च येतात, बाकी मॉडेम आणि इतर हार्डवेअर आधीच राखून ठेवतात. त्यात फोनची स्वतःची कामं सुरू असतात. उरल्या जागेत गेम बसतो. जागा कमी पडली की अँड्रॉइडमधला एक वॉचमन कुणाला तरी बाहेर काढतो. तोही क्रमाने. आधी मागे निजलेली ॲप्स, मग जरा कामाची, आणि समोर दिसणारं ॲप सगळ्यात शेवटी. म्हणजे समोर चालू असलेला गेम त्याने काढला तर बाकीच्यांना काढूनही भागलेलं नाही असा अर्थ. फोनवर फक्त गेम चालू असेल तर ४ जीबीत सहसा ही पाळी येत नाही. आली, तर गेमच्या जोडीला असं काहीतरी चालू असतं जे वॉचमनला सहजी काढता येत नाही. चालू कॉल, स्क्रीन रेकॉर्डर, तरंगती खिडकी, त्यातलं काहीतरी.

सोल्डरवाले, तापण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण 4x MSAA चालू करायला कृपा करून सांगू नका. ज्या फोनचा ग्राफिक्स चिप आधीच धापा टाकतोय त्याच्या डोक्यावर ते आणखी एक पोतं आहे. आणि रॅम साफ करणारं ॲप ज्यांना घालवतं त्यातली निम्मी ॲप्स मिनिटभरात आपोआप परत उठतात, ती उठताना प्रोसेसर खातात, आणि ते सफाईवालं ॲप स्वतः जागा अडवून बसतं ते वेगळंच.

कृष्णाकाठ, अंदाज कशाला बांधायचे? अँड्रॉइड ११ पासून पुढे प्रत्येक ॲप का गेलं याची नोंद फोनच ठेवतो. कुणाकडे कॉम्प्युटर असेल तर मागवता येईल.

सोल्डरवाला
MSAA चं मान्य, बहुतेक जुन्या फोनवरच्या सवयीनं सांगतो मी. पण प्रोसेस लिमिटनं फरक पडते. गिऱ्हाईक येऊन सांगते नं.

निशाचर
पडत असेलही थोडा. माझ्या चाचण्यांत मला तरी दिसला नाही, कारण मागची ॲप्स वॉचमन तसाही आधी काढतोच. आणि फोन बंद करून चालू केला की ते सेटिंग मूळ पदावर येतं, तेव्हा कुणी दर वेळी लावत असेल असं वाटत नाही.

कृष्णाकाठ
कॉम्प्युटर आहे, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे. काय करायचं ते लहान मुलाला सांगावं तसं सांगा.

निशाचर
फोनच्या सेटिंगमध्ये "फोनबद्दल" या पानावर बिल्ड नंबर दिसेल, त्यावर सात वेळा टिचकी मारा. डेव्हलपर ऑप्शन उघडेल, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. कॉम्प्युटरवर गुगलचं प्लॅटफॉर्म टूल्स उतरवून घ्या, फोन वायरीने जोडा, फोनवर परवानगी विचारेल ती द्या, आणि हे टाइप करा:

```
adb shell dumpsys activity exit-info com.pubg.imobile
```

गेम मागे कधीकधी गेला त्या नोंदी येतील. प्रत्येक नोंदीत `reason` आणि `importance` या दोनच गोष्टी बघा आणि इथे टाका. काम झालं की डीबगिंग आठवणीने बंद करा, झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर भरवसा ठेवू नका.

शंकासुर
बहीण हप्त्यांचं विचारतेय आणि तुम्ही मामाला हॅकर करताय.

मालवणी_मुलुख
गणपतीक गावाक इलंय, रेंज नाय, तरी ऱ्हावक नाय म्हणून लिवतंय. (आता शुद्ध मराठीत, नाहीतर पुणेकर रागावतील.)

माझ्या फोनमध्ये "४ अधिक ४ जीबी" अशी सोय आहे, साठवणीतली जागा रॅम म्हणून वापरायची. विकताना दुकानदाराने "आठ जीबीचाच समजा" असं सांगितलं होतं. ती चालू केल्यावर माझा गेम बंद पडायचा थांबला, अगदी खरं. पण गाडीतून जाताना वळलो की चित्र अर्धा सेकंद थिजतं. शेवटी बंद करून टाकली. तर मग ही सोय चांगली की वाईट?

गावठी_गेमर
मी उलटं ऐकलंय, की चालू केली की गेम सुसाट पळतो. यूट्यूबवर तर सगळे तेच सांगतात.

निशाचर
मालवणींनी पाहिलं तेच खरं, दोन्ही बाजूंनी. ही वाढीव रॅम म्हणजे घरात जागा नाही म्हणून सामान माळ्यावर टाकणं. घर मोकळं होतं, त्यामुळे वॉचमन कुणाला हाकलत नाही, गेम जिवंत राहतो. पण माळ्यावरची वस्तू लागली की शिडी लावून चढावं लागतं. स्वस्त फोनमधली साठवण eMMC प्रकारची असते, आणि खऱ्या रॅमच्या मानाने ती कितीतरी पटींनी हळू. गेमला वळणावरचं झाड नेमकं माळ्यावर सापडलं की तुमचा अर्धा सेकंद गेला. महाग फोनमध्ये UFS साठवण असते, तिथे शिडी कमी उंचीची असते, म्हणून तिथला झटका जाणवेलच असं नाही.

म्हणून माझं मत असं: गेम *बंद* पडत असेल तर चालू करून बघा, गेम *अडकत* असेल तर बंद करून बघा. बदल केल्यावर फोन रीस्टार्ट करावा लागतो, हे लोक विसरतात आणि फरक पडला नाही म्हणतात.

शंकासुर
पण अँड्रॉइड तसाही रॅममधला पसारा दाबून ठेवतोच की, zRAM का काय ते. मग ही माळ्याची भानगड वेगळी कशी?

निशाचर
zRAM म्हणजे घरातल्या घरात गाद्या घडी करून पलंगाखाली सारणं. शिडी लागत नाही. पण घडी घालायला आणि उलगडायला प्रोसेसर राबतो, आणि तोच प्रोसेसर त्या वेळी गेमलाही हवा असतो. प्रोसेसर तगडा असेल तर कळतही नाही. आठही कोअर जुन्या, छोट्या जातीचे असतील तर कळतं. गावठी_गेमरच्या दोन मित्रांचं कोडं बहुधा इथे आहे.

गावठी_गेमर
विचारलं त्याला. चांगला चालणारा फोन आहे त्यात स्नॅपड्रॅगन ७२०जी. न चालणाऱ्यात आठही कोअर ए५३. एकाला दोन मोठे कोअर, दुसऱ्याला एकही नाही. सही पकडे.

डोंबिवलीकर
माझा आयफोन १३ आहे, त्यालाही रॅम चारच जीबी. लोकलमध्ये उभ्याने खेळतो, एक्स्ट्रीमवर, कधी अडकला नाही. तेव्हा "४ जीबीचा जमाना गेला" हे वाक्यच चुकीचं आहे.

टिंबटिंब
डोंबिवली लोकलमध्ये उभ्याने खेळायला हात वर येतो? मग तुम्ही पहाटे चारच्या लोकलने जात असणार.

डोंबिवलीकर
बोलायचं काम नाही, शटलने जातो.

शंकासुर
आयफोनची तुलना गैरलागू आहे. त्या फोनच्या किमतीत भाच्याच्या वर्गाला फोन येतील. चिप, साठवण सगळंच वेगळं.

निशाचर
गैरलागू कशी? मुद्दा तोच तर आहे, की चार हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. पण डोंबिवलीकर, तुम्ही मधेच कॅमेरा उघडून परत गेममध्ये या. बऱ्याचदा गेम पहिल्यापासून सुरू होईल. चार जीबीची कळ तुमच्याही फोनला आहे, फक्त खेळताना ती दिसत नाही.

डोंबिवलीकर
...आत्ता करून बघितलं. झाला पहिल्यापासून सुरू. मॅच चालू होती हो!

कृष्णाकाठ
मंडळी, काल भाच्याला घेऊन झेरॉक्सवाल्याकडे बसलो. दोन तास गेले, दोन चहा आणि एक वडापाव खर्ची पडला. वायर फक्त चार्जिंगची निघाली, ती बदलण्यातच अर्धा तास. पण नोंदी मिळाल्या. एकूण नऊ. पाच अशा आहेत:

```
reason=3 (LOW_MEMORY) ... importance=400
```

तीन `reason=3` च, पण `importance=100`. आणि एक `reason=5 (APP CRASH(NATIVE))`. याचा अर्थ काय लावायचा?

निशाचर
मामा, शाब्बास. नोंद अगदी वाचण्यासारखी आहे.

तिन्हीचा अर्थ असा. १०० म्हणजे गेम समोर चालू असताना गेला. ४०० म्हणजे गेम मागे पडलेला असताना गेला. तेव्हा ते पाच वेळचं "बंद पडणं" हे बंद पडणं नव्हेच. भाचा गेम सोडून दुसऱ्या ॲपमध्ये गेला, बहुधा मेसेजला उत्तर द्यायला, आणि तेवढ्यात वॉचमनने मागे पडलेला गेम काढला. ४ जीबीच्या फोनवर हे होणारच, त्याला इलाज एकच, मॅच चालू असताना बाहेर जायचं नाही.

खरी गोष्ट त्या तीन नोंदींत आहे. त्या तिन्ही वेळा जोडीला काय चालू होतं ते भाच्याला विचारा. वेळ नोंदीतच लिहिलेली असते. आणि `reason=5` म्हणजे गेम स्वतःच्याच चुकीने कोसळला, रॅमशी त्याचा संबंध असेलच असं नाही. एखाद-दुसरा असेल तर मनावर घेऊ नका.

जाता जाता: काही फोनांवर वॉचमनने काढलेलं ॲप LOW_MEMORY म्हणून न लिहिता `reason=2 (SIGNALED)`, `status=9` असं लिहिलं जातं. वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल.

कृष्णाकाठ
विचारलं. आधी "काही नाही मामा" झालं. मग तारखा दाखवल्या. तिन्ही शनिवारी रात्री, साडेदहा ते बाराच्या मधे. तेव्हा कबूल केलं की शनिवारी चौघे मित्र मिळून खेळतात, बोलायला दुसऱ्या ॲपवर ग्रुप कॉल चालू असतो, आणि हे महाराज रील टाकायला स्क्रीन रेकॉर्डिंगही करत असतात. इन्स्टावर याचे २११ फॉलोअर आहेत म्हणे. मला माहीतच नव्हतं.

टिंबटिंब
२१२. आत्ताच मामाही आले.

निशाचर
सापडला. कॉल आणि रेकॉर्डर ही दोन्ही "काढू नये" गटातली ॲप्स, वॉचमन त्यांना सहजी काढत नाही, आणि रेकॉर्डर तर गेमच्याच वाट्याची रॅम, प्रोसेसर, साठवण तिन्ही ओढतो. गेम जसजसा खेळावा तसतसा फुगतही जातो, म्हणून पहिली मॅच निभते आणि तिसरी निभत नाही. आता एक प्रयोग करा. येत्या शनिवारी बोलायला गेममधलाच माइक वापरा, रेकॉर्डिंग नाही, आणि दोन मॅच झाल्या की गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. खेळताना मधे एकदा हे बघता आलं तर उत्तम:

```
adb shell dumpsys meminfo com.pubg.imobile
```

खाली TOTAL PSS आणि TOTAL SWAP PSS असे आकडे येतात. पहिला म्हणजे गेम एकूण किती जागा अडवतोय, दुसरा म्हणजे त्याचं किती सामान पलंगाखाली किंवा माळ्यावर गेलंय. लॉबीत एकदा, तिसऱ्या मॅचनंतर एकदा. बस.

आता "उतरताना अडकतो" याबद्दल. अडकणं कधी येतं यावरून बरंच कळतं. पहिल्या मिनिटापासून सगळंच जड वाटत असेल तर ग्राफिक्स चिपला सेटिंग झेपत नाही, खाली आणा. पहिली वीस-पंचवीस मिनिटं छान आणि मग हळूहळू चिखलात पाय रुतल्यासारखं होत असेल तर फोन तापलाय, चिप स्वतःचा वेग कमी करतोय. आणि एरवी ठीक, पण पॅराशूट उघडताना, नकाशातल्या पोचिंकी गावात शिरताना, गाडीतून वळताना खटकन झटका बसत असेल तर नवं काहीतरी साठवणीतून उचलायला वेळ लागतोय. भाच्याचं यातलं कुठलं?

कृष्णाकाठ
तिसरं. आणि "ग्राफिक्स एचडी, रिसोर्स पॅकही एचडीच" असं तो अभिमानाने सांगतोय. साठवणीत मोकळी जागा १.९ जीबी.

सोल्डरवाला
६४ मध्ये १.९? ह्याच्यात मीही डॉक्टर होतो. फोन भरगच्च असला की फ्लॅशला लिहायला रिकामे कप्पे सापडत नाहीत, मग प्रत्येक गोष्टीला वेळ. माझ्याकडं आलेल्या दहातल्या पाच पोरांचा हाच आजार. काहून ठेवता बाप्पा लग्नाचे व्हिडिओ फोनमध्ये.

निशाचर
+१, अगदी हेच. पंधराएक जीबी रिकामे करा, एचडी पॅक काढून लो-स्पेकचा पॅक घ्या, ग्राफिक्स स्मूदवर आणि फ्रेम रेट हायवर. स्मूद-अल्ट्रा मिळत असेल तर पोरं तेच लावतात, पण चाळीसवरून सव्वीसवर आदळणाऱ्या फ्रेमपेक्षा तीसवर टिकणाऱ्या बऱ्या.

गावठी_गेमर
इथे मी असहमत. क्लोज फाइटमध्ये ४० आणि ३० मध्ये फरक जाणवतो. मी झटके सोसेन, पण ३० वर नाही खेळणार. टूर्नामेंटला तर नाहीच.

निशाचर
चवीचा प्रश्न आहे, भांडणार नाही.

मालवणी_मुलुख
अवांतर: ते जीएफएक्स टूल वापरून लपलेली सेटिंग उघडतात त्याचं काय?

गावठी_गेमर
नको. माझ्या एका मित्राचा आयडी गेला, तीन सीझनची मेहनत. बाहेरच्या टूलने गेमच्या फायली बदलल्या की बंदी येऊ शकते. त्यापेक्षा ३० वर खेळलेलं परवडलं. (हे मी लिहितोय, नोंद घ्यावी.)

विमलताई
साठवण भरली की अडकतं असं वर वाचलं. मग माझंही तेच असेल का? कार्डात ५० जीबी मोकळे आहेत, पण फोनमध्ये ३०० एमबी दाखवतंय.

सोल्डरवाला
काकू, तेच. कार्ड वेगळं, फोनची स्वतःची जागा वेगळी. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, स्टोरेज, मॅनेज स्टोरेज. त्यात मोठे व्हिडिओ आधी दिसतात, ते काढा.

विमलताई
बघते. सुप्रभातचे ४१०० फोटो निघाले. काही काही छान आहेत हो.

कृष्णाकाठ
आठवडाभराने आलो, क्षमस्व. शनिवार पार पडला.

आकडे आधी. लॉबीत TOTAL PSS सुमारे १.१ जीबी होता. तीन मॅच सलग खेळून झाल्यावर साधारण १.६, आणि स्वॅपचा आकडा ८० एमबीवरून ४०० च्या पुढे गेलेला. म्हणजे गेम फुगतो हे डोळ्यांनी पाहिलं. गेम बंद करून उघडला की परत एकवर. फोनची एकूण रॅम ३.७ च्या आसपास दाखवतो, तुम्ही म्हणाला होता तसंच.

जागा रिकामी केली, १७ जीबी. त्यात १२ जीबी त्याच्याच रेकॉर्डिंगची. लो-स्पेक पॅक, स्मूद, हाय. कॉल नाही, रेकॉर्डिंग नाही. सात मॅच, दर दोन मॅचनंतर गेम बंद करून उघडला. एकदाही बंद पडला नाही. उतरतानाचा झटका पुष्कळ कमी झालाय, पण गेला नाही. पोचिंकीत उतरलं की अजून एक हिसका येतोच, असं तो म्हणतो. शिवाय बुधवारी अपडेट आल्यावर पहिल्या मॅचला वाईट अडकत होता, नंतर आपोआप सुधारला.

निशाचर
अपडेटनंतरचं विसरा. नव्या दृश्यांसाठी ग्राफिक्स चिपला लागणारे छोटे प्रोग्राम पहिल्यांदा दिसताना तयार होतात, म्हणून पहिली मॅच जड जाते. अपडेट झालं की आधी ट्रेनिंगमध्ये दहा मिनिटं हुंदडून या. पोचिंकीचा हिसका मात्र राहणार. तिथे घरं दाट आणि माणसं जास्त, प्रत्येकाचे कपडे वेगळे, सगळं एकदम उचलायचं, आणि तुमची साठवण eMMC आहे. यावर सेटिंग नाही.

शंकासुर
म्हणजे निकाल काय? ४ जीबी निर्दोष?

निशाचर
बंद पडण्याच्या प्रकरणात ४ जीबी दोषी आहे, पण कॉल आणि रेकॉर्डर सहआरोपी. हिसक्याच्या प्रकरणात मुख्य आरोपी साठवण आणि प्रोसेसर. उद्या याच चिपचा, याच साठवणीचा ८ जीबीचा फोन घेतला तर रेकॉर्डिंग करता येईल, मधे मेसेज बघून परत येता येईल, पण पोचिंकीत हिसका बसेलच. घ्यायचाच झाला तर आधी UFS साठवण आणि निदान दोन मोठे कोअर बघा, रॅम ६ असली तरी चालेल. हे मी गेमपुरतं बोलतोय.

सोल्डरवाला
आणि तोवर खेळताना कव्हर काढा. कुणी कव्हराबद्दल लिहिलंच नाही पुढं.

कृष्णाकाठ
कव्हर काढलं. बहिणीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, नवा फोन आयटीआयचा निकाल लागल्यावर. भाचा रुसलाय. शनिवारचं रेकॉर्डिंग आता माझ्या फोनवर होतं, म्हणजे मी त्याच्या खांद्यामागे उभा राहून त्याच्या स्क्रीनचं शूटिंग करतो. रील काल टाकली, फॉलोअर २१९.

एक राहिलं. माझ्या या फोनची रॅम ३ जीबी आहे आणि शूटिंग करताना कॅमेरा दोनदा बंद पडला. तीच आज्ञा कॅमेऱ्याला चालेल का? नावाच्या जागी काय लिहायचं?